एम म्हणजे कुणाचं माप?

सुती कुर्त्या ऑनलाइन विकणाऱ्या एखाद्या छोट्या दुकानात परत आलेल्या पार्सलांवरची कारणं वाचत बसलं, की सगळ्यांत जास्त वेळा एकच वाक्य भेटतं : 'साइज चार्ट बघूनच मागवली, तरी छातीत घट्ट होते.' दुकानदार शिंप्याला फोन लावतो. शिंपी म्हणतो, कटिंग बरोबर आहे. आणि कुर्ती टेबलावर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजली तर एकोणीस इंच भरते, म्हणजे घेर ३८. एम साइजचा चार्टमधला आकडाही ३८च. शिंपी चुकला नाही, बाईंनीही आपलं माप नीट घेतलं होतं. घोळ चार्टमध्ये आहे.

बहुतेक चार्ट असे असतात : एस ३६, एम ३८, एल ४०, एक्सएल ४२ आणि वर मथळा नुसता 'छाती'. ती छाती अंगाची की कपड्याची, हे कुठेच लिहिलेलं नसतं. बाई टेप लावते, छाती ३८ भरते, ती एम मागवते. येते ती ३८ घेराची कुर्ती. विणलेलं सुती कापड टी-शर्टसारखं ताणत नाही, त्यामुळे श्वास घ्यायला, हात वर करायला कपड्यात अंगापेक्षा निदान दोन-तीन इंच ढिलाई लागते. तिला हवी होती एल. चार्ट अंगाच्या मापाचा असेल तर उलटा गोंधळ होतो : जी बाई घरातली अंगाला बसणारी जुनी कुर्ती मोजून साइज ठरवते, तिला नवी कुर्ती सैल होते.

चूक कुठली, हे तक्रारींवरून ओळखता येतं. सगळ्याच साइजमध्ये 'घट्ट' असं येत असेल तर कपड्याचं माप अंगाचं समजून वाचलं जातंय. तक्रार फक्त एल साइजची असेल तर चार्टला हात लावू नये. त्या लॉटमधल्या चार-पाच एल काढून मोजाव्यात, तिथे कटिंगच बिघडलेलं असण्याची शक्यता जास्त.

दुरुस्ती म्हणजे एकाऐवजी दोन रकाने. एकावर 'तुमच्या अंगाचं माप', दुसऱ्यावर 'कुर्तीचं माप'. अंग ३५ ते ३६ असेल तर एम, कुर्ती ३८. अंग ३७ ते ३८ असेल तर एल, कुर्ती ४०. साडेछत्तीसवाल्या बाईनं काय करायचं, तेही एका ओळीत सांगावं : मधलं माप आलं तर मोठी साइज घ्या. मापं कशी घ्यायची याच्या सूचना लांबवू नयेत. टेप छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, मागून-पुढून जमिनीला समांतर, न आवळता. आणि अंगातल्या कुर्तीवरून मोजू नये. हा तक्ता फोटो म्हणून चिकटवला तर मोबाइलवर आकडे दिसत नाहीत, म्हणून तो मजकुरातच टाइप करावा.

आपल्याकडे एका दुकानाची एम दुसऱ्याच्या एमला जुळत नाही, कारण भारतीय अंगाचा सर्वमान्य प्रमाणित तक्ताच नव्हता. निफ्ट या संस्थेनं 'इंडियासाइज' हे मापनाचं सर्वेक्षण हाती घेतलं ते यासाठीच. सगळे कपडेवाले एकाच तक्त्यावर येईपर्यंत प्रत्येक दुकानाला आपला आकडा आपणच उलगडून सांगावा लागणार.

छाती एमची आणि कंबरेखालचा घेर एलचा, असं अंग असलेल्या बायका पुष्कळ असतात, आणि चार्ट त्यांच्याशी बोलतच नाही. सरळ कुर्तीला बाजूला चीर असेल तर साइज छातीवरून ठरवावी, कारण सीटवर चीर उघडते आणि कपडा अडत नाही. बंद घेराची कुर्ती किंवा पॅन्ट असेल तर सीटचं माप निर्णायक. आणखी एक गोष्ट जरूर लिहावी, ती म्हणजे शिलाईत माया किती सोडली आहे. दोन्ही बाजूंच्या शिवणीत पुढच्या आणि मागच्या कापडातून अर्धा-अर्धा इंच उसवता येत असेल तर घेर दोन इंच वाढतो. हे माहीत असलेली बाई कुर्ती परत करत नाही, गल्लीतल्या शिंप्याकडे नेते. खांदा मात्र असा सोडवता येत नाही, म्हणून खांद्याचं माप वेगळं द्यावं.

इथवर साइजची बाजू झाली. पण कपडा धुतला की हे सगळे आकडे हलतात, आणि म्हणूनच धुण्याच्या सूचना साइजपासून तोडून पानाच्या तळाशी टाकणं मला चुकीचं वाटतं. मागावर आणि नंतरच्या प्रक्रियेत सुती कापड ताणलेलं असतं. पाण्यात पडलं की तो ताण सुटतो आणि कापड आटतं. किती, हे घरच्या घरी कळतं. कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन न पुसणाऱ्या पेनानं आखायचा, गिऱ्हाईक धुईल तसं धुवून वाळवायचं, पुन्हा मोजायचं. उभी बाजू ४८ भरली तर आट चार टक्के. म्हणजे ४६ इंच लांबीची कुर्ती जवळजवळ पावणेदोन इंचांनी वर जाणार. आडवी आट दोन टक्के निघाली तर ४० चा घेर सव्वाएकोणचाळीसवर येतो, आणि ३८ छातीच्या बाईची दोन इंच ढिलाई सव्वा इंचावर. पहिल्या दिवशी बसलेली कुर्ती आठवड्यानं आवळते ती अशी. यावर कापड शिवण्याआधी भिजवून आटवणं हा खरा उपाय. ते होत नसेल तर कापतानाच तेवढं जास्त द्यावं, आणि चार्टमध्ये 'धुतल्यानंतरचं माप' असं स्पष्ट लिहावं. कुर्ती रेयॉनची आणि अस्तर सुती असेल तर दोन्ही कापडं वेगवेगळी तपासावीत. वरचं जास्त आटलं की अस्तर खालून डोकावतं.

सूचनांत कारण हवं. 'फक्त ड्राय क्लीन' असं साध्या सुती कुर्तीवर छापणं म्हणजे तक्रारीपासून स्वतःला वाचवणं. गिऱ्हाईक ती घरीच धुणार. त्यापेक्षा 'रेयॉन ओलं असताना कमजोर होतं, म्हणून पिळू नका, हलक्या हातानं पाणी काढा' हे पाळलं जातं. नीळ वापरलेल्या छापाच्या कपड्याबद्दल मागवण्याआधीच सांगावं की पहिल्या काही धुण्यांत निळं पाणी सुटेल, वेगळं धुवा, उलटं करून सावलीत वाळवा, फिक्या रंगाच्या पर्सशी घासू देऊ नका. 'मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होतो' ही ओळ मात्र काढून टाकावी. मीठ काही रंगांना रंगवण्याच्या वेळी धाग्याकडे जायला मदत करतं. तयार कपड्यातला सुटा रंग त्यानं पक्का होत नाही, आणि तशी आशा दाखवली की पाणी निळं झाल्याबरोबर तक्रार येते.

लेबलवरची चिन्हं पाच प्रकारची असतात. टब धुण्याचा, त्रिकोण ब्लीचचा, चौकोन वाळवण्याचा, इस्त्रीचं चित्र इस्त्रीचं आणि वर्तुळ ड्राय क्लीनिंगसारख्या व्यावसायिक सफाईचं. इस्त्रीतले ठिपके उष्णता सांगतात, एक ठिपका सर्वांत कमी. ही चिन्हं पानावर द्यावीतच, पण प्रत्येकासमोर मराठीत अर्थ लिहून.

या सगळ्यानंतरही मोबाइलच्या पडद्यावरचा रंग आणि हातातला रंग वेगळा दिसेल, आणि काही बायका दोन साइज मागवून एक परत करतीलच. ते या पानाच्या हातात नाही. त्याच्या हातात आहे ती एक ओळ, 'साइज ठरवा' या बटनाच्या अगदी खाली, ठळक : धुण्याआधी घालून बघा, हात वर करा, खाली बसा, टॅग काढल्यावर आणि धुतल्यावर कपडा परत घेतला जात नाही.