झिरी मारण्याआधी भिंत मोजा

पुण्यातल्या एका वीस वर्षं जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं बाथरूम नव्याने करायचं होतं. घरातल्या काकूंना गीझर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर हवा होता आणि सगळे पाइप भिंतीच्या आत. प्लंबरने भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढली, जवळजवळ सहा फूट लांब, कमरेच्या उंचीवर. "इथून आडवी झिरी मारली की पाइप कमी लागतो आणि दोन एल्बो वाचतात," तो म्हणाला. माणूस कामाचा पक्का होता आणि पाइपाचा त्याचा हिशोबही चुकीचा नव्हता. पण भिंतीचा हिशोब त्यात धरलेला नव्हता.

ती भिंत बाथरूम आणि बेडरूमच्या मधली, आपण जिला चार इंची म्हणतो ती. जुनं प्लास्टर काढल्यावर दाराच्या चौकटीपाशी टेप लावली, तेव्हा विटेची जाडी भरली 110 मिलिमीटर. आता भारतीय मानक काय सांगतं ते पाहू. विटांच्या बांधकामासाठी आयएस 1905 नावाचं मानक आहे. भार वाहणाऱ्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा खोल नको, असं ते म्हणतं. आपल्या भिंतीला हे लावलं तर उभी झिरी साधारण 36 मिलिमीटर आणि आडवी फक्त 18.

आडवीला निम्मीच मुभा का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. भिंतीचं वजन वरून खाली येतं. उभी झिरी त्या वाटेला समांतर जाते, त्यामुळे वजन तिच्या दोन्ही बाजूंनी उतरतं. आडवी झिरी ती वाटच कापते. सहा फूट लांबीत भिंत एका बाजूने पातळ होते, वजन उरलेल्या बाजूवर सरकतं आणि भिंत तिथे वाकायला बघते. आरसीसी इमारतीत भार कॉलम-बीमवर असतो आणि मधल्या भिंती नुसत्या भरावाच्या असतात, हे खरं आहे. म्हणून पुष्कळ गवंडी म्हणतात की हा नियम इथे लागू नाही. मला ते पटत नाही. भरावाची भिंतही स्वतःचं वजन उचलते, तिच्यावर गीझर आणि कपाटं टांगली जातात, आणि चार इंची भिंत मुळातच नाजूक असते. भिंत कोसळणार नाही, पण झिरीच्या रेषेत तडा जाईल. तो तडा टाइलच्या सांध्यातून दिसायला लागतो आणि नेमका त्याच्या मागे पाइप असतो.

आता खोली खरंच किती लागते ते बघू. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे 22 मिलिमीटर. पाइपावर निदान 15 मिलिमीटर मसाला हवा, म्हणजे एकूण 37. टाइलच्या मागे बॅकिंगचं प्लास्टर 20 मिलिमीटर येणार होतं. म्हणजे विटेत कापायचे फक्त 17. थंड पाण्याचा उघडा पाइप आडवाही कसाबसा बसला असता. गरम पाण्याच्या पाइपावर मात्र फोमची नळी चढवावी लागते. सहा मिलिमीटर जाडीची नळी दोन्ही बाजूंनी धरली की 22 चे 34 होतात आणि विटेतली खोली 29 वर जाते. उभ्या झिरीत ती चालते. आडवीत चालत नाही.

फोम काढून टाका, असं कोणी सुचवेल. पण ती नळी केवळ पाणी गरम राहावं म्हणून नसते. सीपीव्हीसी तापलं की वाढतं. मीटरभर लांबीचा पाइप 10 अंशांनी तापला तर साधारण पाऊण मिलिमीटरला थोडा कमी वाढतो. गीझरचं पाणी 60 अंशांचं आणि भिंत 25 ची असेल, तर सात फुटांच्या पाइपाला साडेचार ते पाच मिलिमीटर जास्त जागा हवी असते. ती रोज सकाळी हवी असते आणि रोज दुपारी परत द्यायची असते. सिमेंटने घट्ट आवळलेल्या पाइपाला ही जागा मिळत नाही. सगळा ताण वळणावर, म्हणजे एल्बोवर जातो. वर्षानुवर्षं तसं झालं की गळती सरळ पाइपात न होता एल्बोच्या सांध्यात होते. फोमची नळी पाइपाला सिमेंटपासून वेगळं ठेवते आणि हलायला वाव देते.

म्हणून रेघ पुसली आणि पाइपाचा मार्ग बदलला. बाथरूमला फॉल्स सीलिंग येणारच होतं. दोन्ही पाइप छताखालून क्लॅम्पवर आडवे नेले आणि जिथे नळ तिथे तेवढ्याच उभ्या झिऱ्या खाली आणल्या. पाइप साडेतीन मीटर आणि एल्बो चार जास्त लागले. पण ते चारही एल्बो सीलिंगच्या वर, हात पोहोचेल असे राहिले. भिंतीच्या आत प्रत्येक नळापाशी फक्त एकेक पितळी एल्बो उरला. सांधा भिंतीत जितका कमी तितकं बरं, कारण पुढे गळणार ते सांध्यातूनच.

आणखी एक गोष्ट जवळपास हातून सुटली होती. शॉवरच्या डायव्हर्टरची झिरी जिथे आखली, तिच्या बरोबर मागे बेडरूममधला स्विचबोर्ड होता. त्या बाजूने लोखंडी डबी विटेत 35 मिलिमीटर आत गेलेली. या बाजूने आणखी 36 कापले असते, तर मध्ये दीड इंच वीट राहिली असती, आणि तीही दोन्हीकडून हातोडा खाल्लेली. झिरी एक फूट बाजूला सरकवली. काकूंनी पसंत केलेला डायव्हर्टरही बदलावा लागला. त्याला टाइलच्या पृष्ठभागापासून 80 मिलिमीटर खोली हवी होती. टाइल, चिकटवायचा मसाला आणि बॅकिंग मिळून 32 वजा केले तरी विटेत 48 उरत होते. कमी खोलीचा, 60 मिलिमीटरचा नग आणला, तेव्हा विटेत 28 पुरले.

झिरी मारायची ती कटरने. दोन समांतर रेघा ठरलेल्या खोलीपर्यंत कापायच्या आणि मधला भाग छिन्नीने हलकेच उडवायचा. नुसत्या छिन्नी-हातोड्याने सुरुवात केली, तर चार इंची भिंतीतल्या विटांचे सांधे सुटतात. पलीकडच्या खोलीतलं प्लास्टर पोकळ वाजायला लागतं, ही त्याची खूण.

कटर चालवताना धुळीच्या रंगाकडे लक्ष ठेवायचं. लाल धूळ म्हणजे वीट. राखाडी धूळ येऊन पातं अडखळायला लागलं, तर थांबायचं, कारण समोर काँक्रीट आहे. हलक्या पांढऱ्या ब्लॉकची धूळही राखाडी-पांढरी असते, पण तिथे पातं लोण्यातून गेल्यासारखं जातं. त्या बाथरूमच्या कोपऱ्यात कॉलम होता. आधीच्या कुणीतरी त्यात दीड इंच खोल झिरी मारून पाइप बसवलेला. जुना मसाला काढला, तेव्हा आत तांबूस डाग आणि पापुद्रे सुटलेली रिंग दिसली. कॉलमच्या सळईवर साधारणपणे 40 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण ठेवतात. सळई गंजू नये म्हणून ते असतं. सिमेंटच्या क्षारतेत लोखंड सुरक्षित राहतं, आणि ते आवरण गेलं की ओल नि हवा सळईपर्यंत पोहोचतात. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. म्हणून कॉलम आणि बीममध्ये पाइपासाठी झिरी मारायचीच नाही, अगदी अर्धा इंचही नाही. त्या जागेला स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून गंज साफ केला, दुरुस्ती केली आणि पाइप कॉलमच्या पुढून, टाइलच्या छोट्या पेटीतून नेला.

मुंबई-पुण्यातल्या नव्या टॉवरांत हा प्रश्न अधिक अवघड आहे. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या या इमारतींत पुष्कळ भिंती अख्ख्या काँक्रीटच्या असतात, म्हणजे अख्खी भिंतच कॉलमचं काम करते. राहायला आल्यावर तिथे झिरी मारणं हा पर्यायच उरत नाही. पाइप आत हवा असेल, तर त्याचा विचार काँक्रीट ओतण्याआधीच व्हायला हवा. त्यासाठी अमेरिकन काँक्रीट संहितेतली जुनी मोजमापं समजायला सोपी आहेत. पाइपाचा बाहेरचा व्यास भिंतीच्या किंवा स्लॅबच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून मोठा नको, आणि शेजारच्या दोन पाइपांच्या मध्यांत निदान तीन व्यासांचं अंतर हवं. स्लॅबमध्ये पाइप वरच्या आणि खालच्या सळयांच्या मधोमध जावा. पाइप एकमेकांना चिकटून गेले, तर त्यांच्यामध्ये खडी शिरत नाही आणि नेमका तिथेच तडा धरतो.

त्यातही पाण्याचा पाइप थेट काँक्रीटमध्ये गाडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर पाइपाला हलवतो, सांधा निखळतो आणि ते कळतं पुढच्या वर्षी. ब्रिटनच्या 1999 च्या पाणी-जोडणी नियमांत तर पाण्याचा पाइप भिंतीत किंवा भरीव जमिनीत असा गाडायलाच मनाई आहे. तो काढता-बदलता येईल अशा नळीतून किंवा कोनाड्यातून न्यावा लागतो. आपल्याकडेही तेच करता येतं. आधी मोठ्या व्यासाची मोकळी नळी ओतून घ्यायची आणि पाण्याचा पाइप नंतर तिच्यातून सांध्याविना ओवायचा. नाहीतर भिंतीपुढे ब्लॉकची पातळ भिंत उभारून पाइप त्या पोकळीत ठेवायचे. बाथरूमची चार-पाच इंच रुंदी जाते, पण वर साबण ठेवायला कट्टा मिळतो आणि दुरुस्तीला काँक्रीट फोडावं लागत नाही.

काकूंच्या बाथरूममध्ये झिऱ्या बुजवण्याआधी चाचणी घेतली. सांध्यांचं सोल्युशन पूर्ण वाळायला एक दिवस दिला. मग हातपंपाने पाण्याचा दाब सहा किलोवर नेला आणि रात्रभर तसाच ठेवला. दाब पाण्याचाच द्यायचा, हवेचा नाही. हवेच्या दाबाखाली प्लास्टिकचा पाइप फुटला, तर त्याचे तुकडे उडतात. सकाळी काटा साडेपाचवर होता. गीझरच्या एल्बोमागे थेंब दिसला. तेवढा तुकडा कापून नवा जोडला, पुन्हा एक दिवस थांबून पुन्हा रात्र काढली आणि या वेळी काटा हलला नाही. त्यानंतर झिरीतली धूळ झाडली, विटा भिजवल्या, मसाला दोन थरांत भरला, वरून सहा इंच रुंद कोंबडीजाळी ठोकली आणि आठवडाभर पाणी मारलं. पाइप धरून ठेवायला गवंड्याने वाकवलेले खिळे ठोकले होते. ते काढायला लावले, कारण हलणाऱ्या पाइपावर खिळ्याची धार रोज घासते.

जाळी लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला टेप टेकवून फोटो काढले. कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती, हे त्यात वाचता येत होतं. तीन महिन्यांनी सुतार टॉवेलचा दांडा बसवायला आला आणि त्याने शॉवरच्या बरोबर वर पेन्सिलीने दोन खुणा केल्या. काकूंनी मोबाइल काढून फोटो दाखवला. सुताराने टेप लावून पाहिली आणि उजवीकडची खूण चार इंच सरकवली.