शंभर रुपयांचे भाडे किती वाढवता येते?

पुण्याच्या पेठांतल्या वाड्यात किंवा गिरगावच्या चाळीत दोन-तीन पिढ्या राहिलेल्या भाडेकरूचे भाडे अनेकदा महिन्याच्या वीजबिलापेक्षाही कमी असते. घरमालकाला ते वाढवायचे असते. मनात आलेला आकडा मात्र त्याला मागता येत नाही आणि भाडेकरू राजी असला म्हणूनही तो कायदेशीर ठरत नाही.

याची मुळे 1947च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात आहेत. त्याने जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीवर बांधून ठेवली. महागाई वाढत गेली, भाडे तिथेच राहिले. ही तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली म्हटले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000पासून लागू झाला. न्यायालयाने भाडे ठरवून दिलेले नसेल, तर त्यात साधारणपणे 1 ऑक्टोबर 1987 रोजीचे भाडे पाया धरतात. त्यावर घरमालकाला वर्षाला 4 टक्के वाढ घेता येते. घरपट्टीसारखे स्थानिक कर वाढले, तर त्या वाढीचा भाडेकरूच्या वाट्याचा भाग वेगळा मागता येतो.

एका काल्पनिक वाड्याचा हिशेब मांडू. सहा भाडेकरू आहेत आणि 1987पासून प्रत्येकाचे भाडे महिना 100 रुपयेच आहे. मालकाने 2000पासून एकदाही वाढ मागितली नाही. दरवर्षीची 4 टक्के वाढ त्या-त्या वर्षीच्या भाड्यावर धरली, तर 25 वर्षांनी आकडा 267 रुपये होतो. मूळ शंभरावरच धरली तर 200 होतो. वाद पहिल्यांदा इथेच पेटतो, म्हणून मालकाच्या पत्रात वाढ कशावर मोजली आहे, हे वर्षवार लिहिलेले हवे.

पण 267 रुपयांतही वाडा नीट राखता येत नाही. इथे कायद्यातली दुसरी वाट उपयोगी पडते. किमान 70 टक्के भाडेकरूंच्या लेखी संमतीने इमारतीत सुधारणा केली, तर झालेल्या खर्चाच्या वर्षाला 15 टक्क्यांपर्यंत रक्कम भाड्यात मिळवता येते. मात्र गळके छप्पर, फुटलेला नळ अशी नेहमीची दुरुस्ती यात धरत नाहीत. ते घरमालकाचे कर्तव्यच आहे.

समजा, या वाड्यात सामायिक संडासांऐवजी प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र संडास बांधायचा आहे आणि एकूण खर्च तीन लाख रुपये आहे. सहांचे 70 टक्के म्हणजे चारांहून थोडे जास्त, म्हणून पाच सह्या लागतील. एका बिऱ्हाडाचा वाटा 50,000 रुपये. त्याचे 15 टक्के म्हणजे वर्षाला 7,500, महिन्याला 625 रुपये.

ही कमाल मर्यादा आहे, आणि तिच्या आत राहून टप्पे पाडायला काहीच हरकत नाही. मालक मागची थकबाकी सोडतो. काम पूर्ण झाल्यावर पहिल्या वर्षी तो 200 रुपये भाडे आणि सुधारणेचे 250 मागतो. दुसऱ्या वर्षी 230 आणि 450, तिसऱ्या वर्षी 260 आणि 625. म्हणजे महिन्याला 450, मग 680, मग 885 रुपये. सहाही बिऱ्हाडांनी असे पैसे दिले तर तीन लाख सुमारे साडेसात वर्षांत वसूल होतात. तेवढे झाल्यावर सुधारणेची रक्कम बंद होईल, असे मालकाने पत्रातच लिहून दिले तर पाचवी सही मिळणे सोपे जाते.

या चौकटीबाहेर घेतलेले जादा भाडे बेकायदा असते आणि ते घेणे गुन्हा ठरू शकतो. पावतीवर 200 आणि हातात 1,500 अशी तडजोड अनेकांना व्यवहार्य वाटते. पण बिनसले की मालकाकडे दाखवायला काही नसते आणि भाडेकरूकडेही जादा दिल्याचा पुरावा नसतो. म्हणून भाडे, कर आणि सुधारणा या तीन रकमा पावतीवर वेगवेगळ्या हव्यात.

आकडा पटला नाही, तर भाडेकरू न्यायालयाकडून प्रमाण भाडे ठरवून घेऊ शकतो. मुंबई-पुण्यात त्यासाठी लघुवाद न्यायालय आहे. तोवर ज्या रकमेबद्दल वाद नाही ती त्याने भरत राहावी, कारण थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यावर 90 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर मालकाला जागा सोडवण्याचा दावा करता येतो.

घरमालकानेही एक गोष्ट लक्षात घ्यावी. या मार्गाने भाडे बाजारभावाला कधीच पोहोचणार नाही. 885 रुपयांत नवे संडास बांधून होतील, मोडकळीला आलेला वाडा नव्याने उभा राहणार नाही. त्यासाठी पुनर्विकासाची बोलणी वेगळी करावी लागतात आणि ती भाडेवाढीच्या पत्रात मिसळली, तर दोन्ही अडकतात.