एक तार, दोन आया

अल्जिअर्समधल्या एका कारकुनाला वृद्धाश्रमातून तार येते, आई वारल्याची. अल्बेर कामूची 'ल'एत्रांजे' ही फ्रेंच कादंबरी (१९४२) इथे सुरू होते. पहिला परिच्छेद जेमतेम पाच-सहा छोट्या वाक्यांचा. पण इंग्रजीतले दोन अनुवाद शेजारी ठेवून तपासायला याच्याइतका चांगला उतारा मला दुसरा माहीत नाही. एक अनुवाद स्टुअर्ट गिल्बर्टचा, १९४६चा. दुसरा मॅथ्यू वॉर्डचा, १९८८चा.

मी कागदावर तीन रकाने आखते. पहिल्यात मूळ, मग हे दोघे. प्रत्येक शब्दासमोर त्याचा प्रतिशब्द लिहायचा आणि कुठे भर पडली, कुठे गळती झाली त्यावर खूण करायची. चांगला-वाईट हा निवाडा त्यानंतर.

पहिली खूण आईवरच होते. निवेदक मर्सो आईला 'मामाँ' म्हणतो, लहानपणापासून घरात तोंडी बसलेला शब्द. तारेत मात्र तिच्यासाठी 'मेर' आहे, कागदोपत्री चालणारा. आपल्याकडे मुलगा 'आई' म्हणेल आणि तारेत 'मातोश्री' येईल, तसंच काहीसं. गिल्बर्टने दोन्हीकडे 'मदर' लिहिलं. अर्थ चुकला असं कुणी म्हणणार नाही, शब्दकोश त्याच्याच बाजूने आहे. पण मुलाचा शब्द आणि संस्थेचा शब्द यांतलं अंतर पुसलं गेलं. वॉर्डने 'मामाँ' तसाच ठेवला आणि तारेत 'मदर' घातला, त्यामुळे ते अंतर इंग्रजीतही दिसतं.

दुसरी खूण तारेच्या शेवटाशी. फ्रेंचमध्ये तिथे कार्यालयीन पत्राखाली ठोकळेबाजपणे येणारे दोनच शब्द आहेत, आपल्या 'आपला विश्वासू'च्या जातीचे. आई गेल्याची बातमी आणि खाली 'आपला विश्वासू'! अंगावर काटा येतो. वॉर्डने हा कोरडेपणा जपला. गिल्बर्टने तिथे मनापासूनची सहानुभूती कळवली, शिवाय मुळात नसलेलं 'तुमची'ही आईच्या आधी जोडलं. हेतू चांगलाच असणार, शोकाच्या तारेत माणसं असंच लिहितात. पण त्यामुळे वृद्धाश्रम मायाळू झाला आणि त्याच्यासमोर मुलगा थंड दिसू लागला. मुळात थंड आहे ती तार.

तिसरी खूण मर्सोच्या बोलण्यावर. आई आज गेली की काल, हे त्या तारेवरून कळत नाही. मूळ मर्सो साध्या चार-पाच शब्दांत म्हणतो की याला काही अर्थ नाही. वॉर्डचा मर्सोही तेवढंच म्हणतो. गिल्बर्टचा मात्र एखाद्या वकिलासारखा, बाब संदिग्ध राहते असं नोंदवतो. शब्दार्थ जवळपास तोच, पण तोंड दुसऱ्याच माणसाचं. मोठ्याने वाचलं की कानाला लगेच कळतं. गिल्बर्ट काही कच्चा नव्हता, जॉइसच्या 'युलिसिस'च्या फ्रेंच अनुवादाला त्याचा हात लागला होता. त्याने वाक्यं घासूनपुसून सुबक केली, आणि या कादंबरीला सुबकपणाच सोसत नाही.

वॉर्डचंही सगळंच साधलेलं नाही. फ्रेंच वाचकाच्या कानाला 'मामाँ' घरचा लागतो, इंग्रजी वाचकाला तो आधी परका लागतो आणि माया नंतर पोचते. मराठीत ही अडचणच नाही, 'आई' हाताशी आहे. फ्रेंचमध्ये वाक्याच्या तोंडाशी असलेला 'आज' दोघांनीही शेवटी नेला. मी आधी ती चूक धरली होती. पण मग लक्षात आलं की इंग्रजीत त्यामुळे 'आज'ला खेटूनच पुढच्या वाक्यातला 'काल' येतो आणि शंका अधिक टोचते. एक गेलं, एक मिळालं.

आता एवढ्याशा परिच्छेदासाठी हा कीस कशाला? कारण पुढे समुद्रकिनाऱ्यावर मर्सोच्या हातून एका अरबाचा खून होतो, आणि खटल्यात त्याच्यावर खरी तोफ डागली जाते ती आईच्या अंत्यविधीला तो रडला नाही म्हणून. गिल्बर्टच्या वाचकाने पहिल्याच पानावर औपचारिक 'मदर' म्हणणारा मुलगा पाहिलेला असतो. सरकारी वकिलाचं म्हणणं त्याला अर्धंअधिक आधीच पटलेलं असतं. वॉर्डच्या वाचकाने 'मामाँ' ऐकलेला असतो, त्यामुळे आरोप ऐकताना तो चुळबुळतो. मूळ फ्रेंचमध्ये तर कोर्टात सरकारी वकील 'मेर' म्हणतो, म्हणजे तारेतलाच शब्द.

मृत्युदंडाची शिक्षा झाल्यावर, अखेरच्या पानावर, कोठडीत पडल्या पडल्या मर्सोला खूप दिवसांनी आईची आठवण येते. उतारवयात वृद्धाश्रमात तिने पुन्हा एक जोडीदार का केला, ते त्याला आता उमगल्यासारखं वाटतं. कामूने तिथे पुन्हा 'मामाँ' लिहिलंय. वॉर्डमध्येही तिथे 'मामाँ' आहे. गिल्बर्टमध्ये 'मदर'.