नोकरी सोडून गुलाबशेती? आधी हे प्रश्न विचारा

हिंजवडीत आयटीत असलेला एक मित्र परवा म्हणाला, "राजीनामा देतो आणि मावळात पॉलीहाउस टाकतो. १४ फेब्रुवारीला गुलाबाला काय भाव असतो!" मी याच धंद्यात आहे. त्याला म्हटलं, आधी माणसांना भेट.

कोणाला? पवनानगरकडे गुलाब करणारा एक, धंदा बंद केलेला एक आणि फुलं घेणारा एक व्यापारी. फोनवर सरळ सांगा, "काम नको, २० मिनिटं माहिती हवी आहे." सकाळी तोडणी आणि पॅकिंगची गडबड असते, म्हणून दुपारची वेळ मागा.

"धंदा कसा चाललाय?" विचारलं की "बरा आहे" एवढंच ऐकायला मिळतं. म्हणून नेमकं विचारा:

🌹 गेल्या आठवड्यात रोज काय काम केलंत?
🌹 पितृपक्षात फुलाला किती मिळाले?
🌹 डावणी आली तेव्हा किती माल गेला?
🌹 प्लास्टिक कधी बदललं, खर्च किती आला?
🌹 मजूर कुठले, राहतात कुठे?
🌹 आणखी कोणाला भेटू?

व्हॅलेंटाइनच्या फुलांसाठी छाटणी डिसेंबरातच होते आणि चढा भाव थोडेच दिवस टिकतो. म्हणून भाव बाराही महिन्यांचा विचारा.

तिघांचे आकडे जुळत नसतील तर तिथेच थांबून विचारा. कुणी वरचा भाव सांगतो, कुणी भाडं आणि कमिशन वजा करून.

एवढं करूनही मन होत असेल तर रजा काढून पावसाळ्यात आठवडाभर पॉलीहाउसमध्ये काम करा. राजीनाम्याचा विचार त्यानंतर.

काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा, जमेल तसं उत्तर देतो.