न खेळलेल्या गेमचे पैसे

प्रीपेड नंबरवरून रोज ५ रुपये ‘गेम पॅक’च्या नावाने कापले जात असतील, तर आधी १५५२२३ वर STOP असा मेसेज पाठवून सेवा बंद करावी. मग कंपनीकडे लेखी तक्रार करावी. पत्रात नंबर, पैसे कापल्याची तारीख, रक्कम आणि मेसेजमधले सेवेचे नाव लिहावे.

खरी मागणी मात्र पुराव्याची असावी. ट्रायच्या २०१३च्या आदेशानुसार अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी लागते. म्हणून लिहावे: ‘दोन्ही संमतींची नोंद दाखवा, नाहीतर कापलेली सगळी रक्कम परत करा.’ तक्रार क्रमांक जपून ठेवावा. उत्तर न पटल्यास त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.