एका पावतीवर दोन कर्जे: ब्लॉकचेन कुठे लागते आणि कुठे नाही

खरिपाचा माल घरात आला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या कोरडवाहू पट्ट्यातला शेतकरी एका पेचात सापडतो. सगळ्यांचाच माल एकदम बाजारात आल्याने भाव उतरलेले असतात, पण देणी थांबत नाहीत. या पेचावर राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना चालवली आहे. माल बाजार समितीच्या ताब्यात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचे आणि भाव सुधारला की माल विकून कर्ज फेडायचे. व्याज ६ टक्के, मुदत १८० दिवस.

समजा, शिरूरच्या एका शेतकऱ्याने ६० क्विंटल सोयाबीन ठेवले आणि क्विंटलला ४,००० रुपये भाव धरला. मालाची किंमत २ लाख ४० हजार, कर्ज १ लाख ८० हजार आणि सहा महिन्यांचे व्याज सुमारे ५,३०० रुपये. म्हणजे भाव क्विंटलमागे ९० रुपयांनी वाढला तरी व्याज निघून येते. हिशेब सोपा आहे. अडचण सुरू होते ती पावतीपाशी. गोदामाने दिलेल्या एकाच पावतीवर, किंवा एकाच थप्पीवर काढलेल्या दोन पावत्यांवर, दोन बँकांकडून कर्ज उचलले गेले तर दुसऱ्या बँकेला ते वेळेवर कळावे कसे?

याचे उत्तर म्हणून हल्ली ब्लॉकचेनचे नाव घेतले जाते. ब्लॉकचेन ही अनेक पक्षांची सामायिक खातेवही असते. तिची प्रत प्रत्येक पक्षाकडे राहते, नवी नोंद सगळ्यांच्या ठरलेल्या नियमाने मान्य झाल्यावरच चढते आणि जुनी नोंद कुणा एकाला गुपचूप पुसता येत नाही. साधा डेटाबेस एका मालकाच्या ताब्यात असतो. फरक खरा आहे, पण त्याभोवती बरेच गैरसमजही साचले आहेत.

गैरसमज १: ब्लॉकचेनवर नोंद आहे, म्हणजे गोदामात माल आहे.

वस्तुस्थिती: खातेवही फक्त लिहिलेले जपते. लिहिले ते खरे होते का, हे तिला कळत नाही.

मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. ३१ जुलै २०१३ रोजी तिथले व्यवहार थांबले आणि सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी अडकली. कागदोपत्री ज्या मालावर व्यवहार झाले होते, तो गोदामांत तेवढा नव्हताच, असे तपासात पुढे आले. त्या पावत्या ब्लॉकचेनवर असत्या तर त्या खोट्या पावत्या अढळपणे जपल्या गेल्या असत्या, एवढेच.

लबाडी नसतानाही नोंद आणि माल यांची फारकत होते. १४ टक्के ओलाव्याचे १०० क्विंटल सोयाबीन गोदामात वाळून १२ टक्क्यांवर आले, तर कोरडा भाग तोच ८६ क्विंटल राहतो, पण एकूण वजन सुमारे ९७.७ क्विंटल भरते. एक दाणाही चोरीला न जाता सव्वादोन क्विंटलची घट दिसते. म्हणून पावतीवर वजनाइतकाच ओलावा महत्त्वाचा असतो आणि गोदामाशी संबंध नसलेल्या माणसाने अधूनमधून थप्प्या मोजाव्या लागतात. हे काम कोणतीही खातेवही करत नाही.

गैरसमज २: साध्या डेटाबेसमधली नोंद कुणीही बदलतो आणि ते कळतही नाही.

वस्तुस्थिती: गुपचूप केलेला बदल उघडा पाडणे स्वस्त आहे. त्यासाठी ब्लॉकचेन लागत नाही.

डेटाबेसमध्ये कर्मचाऱ्याला नवी नोंद घालण्याची मुभा देऊन बदलण्याची आणि पुसण्याची मुभा काढून घेता येते. भारतातल्या कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणे आणि ती सोय बंद करता न येणे बंधनकारक आहे. ही सॉफ्टवेअरे साध्या डेटाबेसवरच चालतात.

राहतो तो प्रश्न खुद्द मालकाचा. डेटाबेस ज्याच्या हातात आहे, त्यानेच जुनी पाने बदलली तर? यावर स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये मार्ग दाखवला होता, बिटकॉइनच्या कितीतरी आधी. प्रत्येक नोंदीचा गणिती ठसा, म्हणजे हॅश, काढायचा आणि तो पुढच्या नोंदीत गुंफायचा. जुन्या नोंदीतला एक आकडा बदलला तरी तिथून पुढचे सगळे ठसे बदलतात. मात्र मालक सगळे ठसे नव्याने काढू शकतो, म्हणून शेवटचा ठसा त्याच्या हाताबाहेर ठेवावा लागतो. त्यांच्या कंपनीने १९९५ पासून असा ठसा न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात म्हणून छापायला सुरुवात केली. छापलेले वर्तमानपत्र सगळ्या वाचकांच्या घरून परत आणणे कुणालाच शक्य नव्हते.

एखाद्या बाजार समितीने रोज संध्याकाळी त्या दिवसाचा ठसा दोन बँकांना ई-मेलने पाठवला, तरी हेच साधते. खर्च जवळजवळ शून्य.

गैरसमज ३: पक्ष अनेक असले की ब्लॉकचेन लागतेच.

वस्तुस्थिती: वहीवर किती जण लिहितात, यापेक्षा ती सांभाळणारा सगळ्यांना मान्य आहे का, हे पाहावे लागते.

रोजचा ठसा पाठवला तर फसवणूक मागाहून उघडकीला येते. पण दौंडच्या एका शाखेने सकाळी अकराला आणि शिरूरच्या दुसऱ्या बँकेने साडेअकराला त्याच पावतीवर कर्ज दिले, तर संध्याकाळचा ठसा उपयोगाचा नाही. तिथे दुसरी नोंद त्याच क्षणी अडली पाहिजे. हे साधण्याच्या तीन पद्धती महाराष्ट्रात पाहायला मिळतात.

पहिली पणन मंडळाच्या योजनेची. माल बाजार समितीच्या ताब्यात आणि कर्ज देणारीही तीच. दुसऱ्या सावकाराला वाव नसल्याने समितीचे नीट ठेवलेले रजिस्टर किंवा साधा डेटाबेस पुरतो.

दुसरी पद्धत इलेक्ट्रॉनिक वखार पावतीची, जी २०१७ मध्ये आली. केंद्राचे गोदाम विकास व नियामक प्राधिकरण गोदामांची नोंदणी करते आणि पावत्या एनईआरएल व सीसीआरएल या दोन मान्यताप्राप्त भांडारांत राहतात. शेअर जसे डीमॅट खात्यात असतात, तशा या पावत्या. एका बँकेचे तारण चढले की ती पावती अडते आणि दुसऱ्या बँकेला देता येत नाही. इथे गोदामे आणि बँका अनेक आहेत, पण भांडार नियामकाच्या देखरेखीखाली असल्याने सर्वांना मान्य आहे. म्हणून केंद्रीय नोंद पुरते.

तिसरी पद्धत ब्लॉकचेनची. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने व्हर्ल या कंपनीच्या मदतीने आपल्या पावत्या ब्लॉकचेनवर घेतल्या, महाराष्ट्र राज्य सहकारी बँक त्यांवर कर्ज देऊ लागली आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या ‘स्मार्ट’ प्रकल्पाने याला हात दिला. पावती एक संस्था काढते आणि कर्ज दुसरी देते. पुढे आणखी बँका आल्या, तर त्यांतल्या कुणालाच दुसऱ्याच्या संगणकावर विसंबून राहावे लागू नये, हा या रचनेचा फायदा. जितक्या जास्त स्वतंत्र संस्था वहीची स्वतःची प्रत चालवतील, तितका तो फायदा खरा. सगळ्या प्रती एकाच कंपनीच्या सर्व्हरवर असतील, तर नाव ब्लॉकचेन असले तरी विश्वास त्या कंपनीवरच ठेवावा लागतो.

गैरसमज ४: ब्लॉकचेनवरची चूक कधीच दुरुस्त होत नाही.

वस्तुस्थिती: चुकीची नोंद राहते, पण तिच्यापुढे दुरुस्तीची नोंद चढते.

सातबारा हाताळलेल्या माणसाला हे नवे नाही. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर आधीच्या खातेदाराचे नाव खोडून टाकत नसत. ते कंसात जायचे आणि नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक यायचा. गोदामात ६० ऐवजी ६०० क्विंटल लिहिले गेले, तर तसाच वजा ५४० चा फेरफार घालावा लागतो. तो घालण्याचा अधिकार कुणाला आणि कुणाच्या संमतीने, हे मात्र आधीच लिहून ठेवावे लागते. भांडणे त्यावरूनच होतात.

अढळपणाही शेवटी माणसांच्या संमतीवर टिकतो. जुलै २०१६ मध्ये इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेनच्या बहुसंख्य वापरकर्त्यांनी ठरवून वहीचा मार्ग बदलला आणि ‘द डाओ’ या तिथल्या सामायिक निधीतून चोरीला गेलेले सुमारे ३६ लाख इथर परत फिरवले. मान्य नसलेले लोक जुन्याच वहीवर राहिले आणि एकाच्या दोन वह्या झाल्या. चार-पाच संस्थांच्या खासगी ब्लॉकचेनमध्ये अशी संमती जुळवणे त्याहून सोपे असते.

पुसता न येण्याची एक बाजू त्रासाचीही आहे. शेतकऱ्याचे नाव, आधार आणि मोबाइल क्रमांक वहीत घातले, तर ते कायमचे अनेक हातांत जातात. जाणकार रचनाकार ही माहिती साध्या डेटाबेसमध्ये ठेवतात आणि वहीत फक्त तिचा ठसा टाकतात.

गैरसमज ५: जास्तीचा खर्च म्हणजे सॉफ्टवेअरची किंमत.

वस्तुस्थिती: मोठा खर्च असतो तो एकमताचा.

प्रत्येक संस्थेला आपला सर्व्हर, आपली सुरक्षा-किल्ली आणि ती सांभाळणारा माणूस लागतो. किल्ली हरवली किंवा कर्मचारी सोडून गेला तर काय, याचे नियम लागतात. सॉफ्टवेअर बदलायचे तर सगळ्यांनी जवळपास एकाच वेळी बदलायचे असते. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपली व्यवहारपूर्तीची यंत्रणा अशा सामायिक खातेवहीवर नेण्याचा प्रकल्प अनेक वर्षे चालवला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबवला. त्यात सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्ची लिहावे लागले. त्या यंत्रणेचा सर्वांना मान्य चालक, म्हणजे खुद्द शेअर बाजार, आधीपासूनच तिथे होता.

शिरूर-दौंडच्या तारणालाही हीच फूटपट्टी लावता येते. समिती स्वतःच कर्ज देत असेल, तर साधा डेटाबेस, बदलांची नोंद आणि बाहेर पाठवलेला रोजचा ठसा एवढ्यावर भागते. गोदाम नियामकाकडे नोंदलेले असेल, तर इलेक्ट्रॉनिक वखार पावती आहेच. उरतात ती नियामकाच्या कक्षेबाहेरची गोदामे, जिथे अनेक गोदामचालक, सहकारी बँका, पतसंस्था आणि विमा कंपन्या एकाच मालावर हक्क नोंदवतात आणि वही एकाच्या हाती द्यायला बाकीचे तयार नसतात. तिथे ब्लॉकचेनवर जास्तीचा खर्च करण्याला आधार आहे. त्या खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी तिघांची नावे कागदावर हवीत: वहीची प्रत स्वतः चालवणाऱ्या संस्था, दुरुस्तीची नोंद मंजूर करणारा अधिकारी आणि दर महिन्याला गोदामात जाऊन थप्प्या मोजणारा व ओलावा तपासणारा त्रयस्थ.