फ्रेंचमधलं ‘होणार आहे’ आणि ‘होईल’

फ्रेंच शिकवताना भविष्यकाळाचे दोन प्रकार सांगितले जातात. ‘आले’ म्हणजे जाणे. या क्रियापदाचं वर्तमानरूप घेऊन पुढे मूळ क्रियापद जोडलं की जवळचा भविष्यकाळ. आणि क्रियापदालाच प्रत्यय लागला की साधा भविष्यकाळ. नावामुळे विद्यार्थी समजतात, की उद्याचं असेल तर पहिला आणि पुढच्या वर्षीचं असेल तर दुसरा. ही समजूत फसवी आहे. ‘ओं वा स मारिये दाँ द्यझाँ’, आम्ही दोन वर्षांनी लग्न करणार आहोत, हे अगदी सहज फ्रेंच आहे. ठरलेलं आहे, म्हणून ‘वा’.

खरा फरक अंतराचा नाही. बोलताना त्या गोष्टीचं मूळ समोर दिसतंय का, हा आहे. ‘एल वा आवुआर अँ बेबे’ म्हटलं की बाई गरोदर आहे, हे ऐकणाऱ्याला कळतं. ‘एल ओरा अँ बेबे’ म्हटलं तर ते भाकीत वाटतं: कधीतरी, कदाचित लग्नानंतर. मराठी माणसाला हे चटकन उमगावं, कारण ‘तिला बाळ होणार आहे’ आणि ‘तिला बाळ होईल’ यांत आपणही हाच भेद करतो. ढग दाटून आलेले पाहून फ्रेंच माणूस ‘इल वा प्लवुआर’ म्हणतो. छापील हवामान अंदाजात आणि राशिभविष्यात मात्र साधा भविष्यकाळ भरपूर भेटतो.

गॅरेजमधला मेकॅनिक बॉनेट उघडता उघडता ‘ओं वा व्वार’ म्हणाला, तर तो आत्ताच बघायला लागलाय. तोच ‘ओं वेरा’ म्हणाला, तर विषय पुढे ढकलला गेला, मग ती गोष्ट आज संध्याकाळची का असेना. घरातही तसंच. भांडी घासायला सांगितल्यावर ‘झ वे ल फेर’ म्हणजे उठतोच आहे. ‘झ ल फरे’ हे वचन आहे, पण त्यात ‘आत्ता’ नाही, आणि सांगणाऱ्याला ते बरोबर ऐकू येतं.

बोलण्यात ‘आले’वाला प्रकार फार चालतो, म्हणून सगळीकडे तोच वापरावा असं शिकणाऱ्याला वाटतं. अडतं ते ‘काँ’ म्हणजे ‘जेव्हा’पाशी. ‘पोचलास की फोन कर’ असं आपण भूतकाळी रूपाने म्हणतो. फ्रेंच माणूस म्हणतो, ‘काँ त्यु आरिव्रा, आपेल-म्वा’. इथे पोचण्यासाठी साधा भविष्यकाळच हवा. ‘काँ त्यु वा आरिवे’ कानाला खटकतं, आणि वर्तमानकाळ घातला तर ती नेहमीची सवय वाटू शकते: दर वेळी पोचलास की. ‘सि’ म्हणजे ‘जर’ आला की मात्र उलट: त्या अटीच्या वाक्यात वर्तमानकाळ, आणि भविष्यकाळ पुढच्या वाक्यात.